लाल नकाशा आणि त्याच्या खालचं पाणी

उन्हाळा चढायला लागला की समुद्राच्या तापमानाचे लालभडक नकाशे मोबाईलवर फिरायला लागतात, आणि त्याखाली ठरलेल्या दोन ओळी असतात, समुद्र तापलाय, आता मोठं वादळ येणार. त्यातली पहिली ओळ बहुतेक वेळा खरीच असते. दुसरीबद्दल मात्र माझं जरा भांडण आहे, कारण त्या नकाशात दिसतं ते पाण्याचं फक्त कातडं. इन्फ्रारेड सॅटेलाइटला समुद्राचा जो भाग दिसतो तो केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो, आणि ढग आले की तोही दिसत नाही. मायक्रोवेव्हवाले सॅटेलाइट ढगातून बघू शकतात, पण तेही वरच्या एखाद्या मिलिमीटरपुरतंच. खाली वीस मीटरवर काय चाललंय, पन्नासवर काय, याचा त्या लाल रंगाला पत्ताच नसतो. आणि चक्रीवादळाचं बरंच काही तिथे ठरतं, मासळीचंही बरंचसं तिथेच ठरतं.

म्हणून मला एक खोड लागलीय. लाल नकाशा दिसला की त्याच भागात एखादा आर्गो फ्लोट सापडतो का ते बघायचं. हे फ्लोट म्हणजे माणसाएवढ्या उंचीचे नळकांडे, जगभरच्या समुद्रांत मिळून जवळपास चार हजार तरी असतील, ते एक हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात आणि वर येता येता पाण्याचं तापमान आणि खारेपणा मोजत येतात, वर पोचले की सॅटेलाइटला डेटा पाठवतात आणि परत खाली. त्या डेटाचा साधा ग्राफ काढला की एक रेघ मिळते, आडवं तापमान आणि वरून खाली खोली. वरच्या भागात पाणी नीट ढवळलेलं असेल तर रेघ सरळ उभी खाली उतरते, आणि मग एका ठिकाणी वाकते आणि भराभर थंडीकडे सरकते. वाकते तिथे थर्मोक्लाइन सुरू झाली. वाकण किती खोल आहे एवढंच मी आधी बघतो, वरचा आकडा नंतर.

त्याने काय फरक पडतो ते आकड्यांत मांडून बघू, गणित शाळेतलंच आहे. दोन जागा धरा. पहिल्या जागी पृष्ठभागाला ३१ अंश सेल्सिअस आहे, पण वारा पडलेला असल्याने गर्मी खाली उतरलेलीच नाही, वीस मीटरवर पाणी २६ अंशांवर आलंय आणि पन्नास मीटरवर २३. दुसऱ्या जागी वर फक्त २९.५ आहे, पण ते २९.५ पन्नास मीटरपर्यंत तसंच आहे आणि २६ वर यायला नव्वद मीटर लागतात. नकाशात पहिली जागा गडद लाल दिसेल, दुसरी जेमतेम केशरी. आता वादळवाल्यांचं जे माप आहे ते लावू. २६ अंशांच्या वर जेवढी गर्मी, तेवढीच मोजायची आणि ती खोलीभर बेरीज करायची, लायपर आणि व्होल्गेनाउ या दोघांनी १९७२ मध्ये मांडलेलं हे माप आजही वापरतात, त्याला ट्रॉपिकल सायक्लोन हीट पोटेन्शियल म्हणतात. पहिल्या जागी वीस मीटरवर सरासरी अडीच अंश जास्त, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरच्या खांबात साधारण २० किलोज्यूल. दुसऱ्या जागी वरच्या पन्नास मीटरांत पूर्ण साडेतीन अंश जास्त आणि त्याखालच्या चाळीसमध्ये सरासरी पावणेदोन, बेरीज केली की साधारण १०० किलोज्यूल. वरचं तापमान दीड अंशाने कमी असूनही साठा पाचपट.

आणि खरी मजा पुढे आहे, कारण वादळ पाणी जसं आहे तसं राहू देत नाही. वादळाचा वारा पाण्याला ओढतो, प्रवाह तयार होतात, वरचं पाणी खालच्या पाण्यावरून सरकायला लागलं की मधे घुसळण होते आणि वरचं-खालचं एक व्हायला लागतं. बादलीत वरवर कढत पाणी असावं आणि हात घालून ढवळल्यावर एकदम कोमट लागावं, तसंच. समजा वादळाने वरचे पन्नास मीटर पूर्ण ढवळले. पहिल्या जागेचं सगळं पाणी एक झाल्यावर येतं जेमतेम २६.१ अंश, म्हणजे ३१ वरून थेट पाच अंश खाली आणि इंधन संपल्यात जमा. दुसऱ्या जागी पन्नास मीटर ढवळले तरी २९.५ चे २९.५ च, कारण खालूनही तेच येतंय. वादळ येण्याआधी वर दिसणारं तापमान त्याच्या कामाचं नाही, त्याच्या स्वतःच्या डोळ्याखाली ढवळून झाल्यावर जे उरतं ते कामाचं. लाल नकाशा असतो तो वादळ येण्याआधीचा.

वादळाला पाण्याची गर्मी का लागते हे थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण हा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. गर्मीपेक्षा खरं तर बाष्प लागतं. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २५ लाख ज्यूल ऊर्जा त्या वाफेत जाते आणि वर ढगात पाणी झालं की तिथे सुटते. पाणी एका अंशाने जास्त गरम असलं की त्याच्यालगतच्या हवेत सहा-सात टक्के जास्त बाष्प मावतं. पण ओढ असते ती पाणी आणि वरची हवा यांच्यातल्या फरकाची, म्हणून डोळ्याच्या भिंतीखालचं पाणी एखाद-दोन अंशांनी जरी गार झालं तरी फरकाचा मोठा हिस्सा उडतो आणि वादळाचा दम तुटतो. वादळ गेल्यावर सॅटेलाइटच्या नकाशात त्याच्या वाटेवर थंड पाण्याचा पट्टा दिसतो तो याच ढवळण्याचा, त्याला कोल्ड वेक म्हणतात. उत्तर गोलार्धात हा पट्टा वाटेच्या उजव्या बाजूला जास्त ठळक असतो, कारण त्या बाजूला वाऱ्याची दिशा आणि पाण्याची फिरण्याची दिशा जुळून येते. वादळ झपझप पुढे निघून गेलं तर ते आपल्याच थंड पाण्याच्या पुढे राहतं, रेंगाळलं तर आपण गार केलेल्या पाण्यावरच उभं राहतं.

आता मरीन हीटवेव्हकडे येऊ, कारण इथे अजून एक घोळ होतो. जमिनीवरच्या उष्णतेच्या लाटेसारखीच हिचीही व्याख्या ठरवलेली आहे, २०१६ मध्ये हॉब्डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्या जागेचं, त्या तारखेचं, साधारण तीस वर्षांचं तापमान घ्यायचं, त्यातल्या वरच्या दहा टक्क्यांत जाईल एवढी गर्मी सलग किमान पाच दिवस टिकली की ती हीटवेव्ह. म्हणजे ही मोजणी नेहमीच्या मानाने असते. थंड समुद्रात ऐन हिवाळ्यात पाणी दहा अंशांवर असतानाही हीटवेव्ह असू शकते आणि तिचा चक्रीवादळाशी काडीचाही संबंध नसतो. वादळ २६ च्या वरचं मोजतं, नेहमीपेक्षा किती जास्त याच्याशी त्याला देणंघेणं नाही. माशाचं बरोब्बर उलटं आहे, त्याचं शरीर, त्याची अंडी, त्याचं खाणं सगळं त्या जागेच्या नेहमीच्या पाण्याला बसलेलं असतं, त्यामुळे दहा अंशांची हीटवेव्हसुद्धा त्याला भोवते. एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालल्यात हे बातम्यांमध्ये कधीच कुणी वेगळं करून सांगत नाही आणि मग सगळी चर्चा भरकटते.

शिवाय हीटवेव्ह तयार कशी होते ते बघितलं तर कळतं की बऱ्याचशा पातळच असतात. वारा पडतो, आकाश निरभ्र राहतं, ऊन सरळ पाण्यात उतरतं, वारा नसल्याने बाष्पीभवन कमी म्हणून गर्मी बाहेर पडत नाही आणि ढवळणं नाही म्हणून खालीही जात नाही. मिक्स्ड लेयर, म्हणजे वरचा ढवळलेला थर, उथळ होत जातो आणि तेवढ्याच ऊर्जेत कमी पाणी तापतं, म्हणून तापमान भराभर वर जातं. शांत दुपारी तर वरचं एखादं मीटर खालच्यापेक्षा दोन-तीन अंशांनीही जास्त तापतं आणि रात्री परत उतरतं, म्हणून शहाणे लोक दुपारचं रीडिंग घेतच नाहीत, पहाटेचं घेतात. सांगायचं असं की ज्या शांत हवेमुळे नकाशा लाल होतो त्याच शांत हवेमुळे तो थर पातळ असण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा लाल रंग बघून लगेच घाबरायचं नाही, आणि केशरी बघून निर्धास्तही व्हायचं नाही.

मग अम्फान चक्रीवादळाच्या वेळी काय झालं? ते बघण्यासारखं आहे कारण तिथे वरचं आणि खालचं दोन्ही जुळून आलं होतं.

मे २०२० ची सुरुवात, बंगालचा उपसागर. वारा कमी, ऊन भरपूर, मिक्स्ड लेयर उथळ झालेला, आणि पहिल्या पंधरवड्यात मोजमापाच्या काही तरंगत्या बॉयांनी पृष्ठभागाचं कमाल तापमान ३२ ते ३४ अंशांपर्यंत नोंदवलं. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी म्हटलं असतं, पातळ थर आहे, पहिल्या ढवळण्यातच गार होईल. पण नंतर जो अभ्यास झाला त्यात असं दिसलं की पृष्ठभागाखालीही पाणी नेहमीपेक्षा चांगलंच गरम होतं. हीटवेव्ह असतानाच उपसागराच्या दक्षिण भागात वादळ तयार झालं आणि ते वर सरकताना जिथे पाणी नेहमीपेक्षा अडीच अंशांहून जास्त तापलेलं होतं नेमकं त्याच पट्ट्यावरून गेलं.

तारखा बघा. १६ मेला कमी दाबाचं क्षेत्र डिप्रेशन झालं आणि संध्याकाळपर्यंत त्याला अम्फान नाव मिळालं. १७ च्या सकाळी ते तीव्र चक्रीवादळ होतं, हवामान खात्याच्या वर्गवारीत म्हणजे ताशी ८९ ते ११७ किलोमीटर. १८ च्या दुपारी ते सुपर सायक्लोन झालेलं होतं, म्हणजे ताशी २२२ च्या वर, आणि नंतर कमाल वेग २४० च्या आसपास गेला. साधारण एका दिवसात शंभरच्या आसपासवरून दोनशे बावीसच्या पार. चोवीस तासांत ३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर वाढ झाली की त्याला रॅपिड इंटेन्सिफिकेशन म्हणतात, आणि इथे तर त्याच्या दुपटीने झाली. १९९९ च्या ओडिशाच्या वादळानंतर बंगालच्या उपसागरातलं हे पहिलं सुपर सायक्लोन. तिथे वादळ पाणी ढवळत होतंच, सगळीच ढवळतात, पण खालून जे वर येत होतं तेही गरमच होतं, म्हणून जो ब्रेक लागायला हवा होता तो वेळेवर लागला नाही.

पण सगळं श्रेय समुद्राला देणारेही मला पटत नाहीत. त्याच अभ्यासात हेही आहे की हीटवेव्हच्या जागी विंड शिअर कमी होता, म्हणजे वरच्या आणि खालच्या हवेतला वारा एकमेकांशी फारसा भांडत नव्हता, त्यामुळे वादळाचा उभा खांब सरळ राहिला. पुढे किनाऱ्याकडे येताना शिअर वाढला, ढवळणंही वाढलं, आणि २० मेला सुंदरबनच्या बाजूला धडकेपर्यंत अम्फान ताशी १५५ ते १६५ पर्यंत उतरलं होतं. उतरलं होतं म्हणतोय पण त्या वेगातही काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मुद्दा एवढाच की गरम खोल पाणी ही परवानगी असते, हुकूम नसतो. कितीतरी वादळं जबरदस्त गरम पाण्यावरून जातात आणि शिअरने विस्कटतात नाहीतर बाजूची कोरडी हवा आत ओढून बसतात. याच्या दुसऱ्या टोकाला ऑक्टोबर २०२३ मधलं मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं ओटिस आहे, पाणी गरम होतं हे सगळ्यांना दिसत होतं, तरी धडकण्याच्या दीड दिवस आधी अंदाज होता तो हरिकेनपेक्षाही कमी जोराच्या वादळाचा, आणि ते चोवीस तासांत ताशी सुमारे १८५ किलोमीटरने वाढून कॅटेगरी पाचचं होऊन अकापुल्कोवर आलं. समुद्राचा डेटा हातात होता, वादळाच्या पोटातल्या छोट्याशा गाभ्यात काय चाललंय ते मॉडेलला पकडता आलं नाही.

बंगालच्या उपसागराबद्दल अजून एक गोष्ट सांगायची राहिली, ती मला सगळ्यात जास्त आवडते. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, या सगळ्यांचं गोडं पाणी पावसाळ्यात आणि त्यानंतर तिथे येतं आणि हलकं असल्याने वर तरंगतं. खाली खारं जड पाणी. आता खारेपणामुळे झालेली ही पायरी समजा वीस मीटरवर आहे, पण तापमानाची पायरी पन्नासवर आहे, तर मधले तीस मीटर गरमही आणि खारेही. या मधल्या भागाला बॅरियर लेयर म्हणतात. वादळ आलं की हलकं पाणी खाली ढकलायला त्याला जास्त जोर लावावा लागतो, आणि लावला तरी वर येतं ते गरमच. काही वेळा तर तिथे खालचं पाणी वरच्यापेक्षा थोडं जास्त गरम सापडतं, म्हणजे ढवळलं की पृष्ठभाग उलटा तापतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वादळांना हे जास्त लागू, मेमध्ये नद्यांचं पाणी ओसरलेलं असतं म्हणून अम्फानच्या खात्यात मी हे फार लावणार नाही. पण आर्गोचा ग्राफ बघताना तापमानाच्या रेघेशेजारी खारेपणाची रेघही बघायची ती यासाठी.

आता मासळी. वादळाला पोसणारा हाच थर मासळीला उपाशी ठेवतो. उजेड वर असतो आणि नायट्रेट, फॉस्फेट वगैरे खत खाली थर्मोक्लाइनच्या खालच्या गार पाण्यात असतं. वनस्पती प्लवंगांना दोन्ही लागतं, म्हणून खालचं पाणी अधूनमधून वर यायला हवं. वर गरम हलक्या पाण्याचा जाड थर बसला की ते येणं थांबतं, क्लोरोफिल उतरतं, ते खाणारे बारीक जीव कमी होतात आणि त्यांना खाणारे छोटे मासे एक तर पातळ होतात किंवा निघून जातात. निघून जातात म्हणजे दरवेळी लांब जातात असंही नाही, पुष्कळदा नुसते खाली जातात. एका तांडेलाने मला हे माझ्या सगळ्या ग्राफपेक्षा नीट सांगितलं होतं. फिश फाइंडरच्या स्क्रीनवर बोट ठेवून तो म्हणाला, "दादा, मासा आहे ना, हा बघा. पण जाळं इथवर, आणि तो तिथे खाली. आता काय करता?" स्क्रीनवर खरंच खाली एक जाडसर पट्टा दिसत होता आणि वर सगळं रिकामं. त्याच्या हिशोबात त्या दिवशी मासळी नव्हती, समुद्रात होती. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

अम्फानच्या काळात मासळीचं काय झालं हे सांगायला मला आवडलं असतं, पण तिथे आकड्यांवर विसंबताच येत नाही. पूर्व किनाऱ्यावर एरवी १५ एप्रिल ते १४ जून मासेमारी बंद असते, २०२० मध्ये ती मुदत ३१ मेपर्यंत केली होती, वरून लॉकडाऊन. ऐन हीटवेव्हमध्ये यांत्रिक बोटी बंदरातच होत्या. त्या मे महिन्यात मासळी कमी उतरली असं म्हणून कुणी समुद्राच्या गर्मीकडे बोट दाखवलं तर त्याच्याशी मी वाद घालेन.

गर्मीने मासळीचं काय होतं ते बघायचं तर अलास्काच्या आखातातला कॉड मासा बघावा लागतो, तिथे हिशोब स्वच्छ आहे. २०१३-१४ च्या हिवाळ्यात ईशान्य पॅसिफिकमध्ये हवेचा जास्त दाब एकाच जागी ठाण मांडून बसला, वादळं दुसरीकडे वळली, वारा कमी झाला आणि हिवाळ्यात जी गर्मी समुद्राने सोडायला हवी होती ती सुटलीच नाही. निक बॉन्ड नावाच्या हवामानतज्ज्ञाने त्या गरम डागाला ब्लॉब म्हटलं आणि तेच नाव पडलं. २०१६ पर्यंत ते प्रकरण चाललं आणि गर्मी हळूहळू खाली उतरत गेली, कॉड तळाशी राहतो तिथपर्यंत. पाणी गरम झालं की माशाच्या शरीराची भूक वाढते, तेवढंच जगायला जास्त खावं लागतं, आणि खाणं तर कमी झालेलं. मोठा कॉड असा मेला. अंड्यांची वेगळीच कथा, पॅसिफिक कॉडची अंडी तळाशी असतात आणि साधारण ३ ते ६ अंशांच्या पाण्यातच चांगली फुटतात, त्याच्या वर गेलं की फुटण्याचं प्रमाण घसरतं. म्हणजे मोठे गेले आणि जागा भरायला लहानही आले नाहीत.

आणि हे कळलं केव्हा? २०१७ मध्ये, तळ खरवडून जो ठरलेला ट्रॉल सर्व्हे होतो त्यात, दोन वर्षांपूर्वीच्या मानाने ७० टक्क्यांहून जास्त घट. तोपर्यंत ब्लॉब बातम्यांतून संपलेला होता. २०१८ चा कोटा जवळपास ८० टक्क्यांनी कापला आणि २०२० ला तिथली केंद्र सरकारच्या हद्दीतली कॉडची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. वादळाचा हिशोब चोवीस तासांत होतो, माशाचा चार वर्षं चालतो, म्हणून पहिल्याची बातमी होते आणि दुसरा कुणाला आठवतही नाही.

बरं, गर्मीने दरवेळी मासळी घटतेच असंही नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेनच्या आखातात पाणी लवकर तापलं तर लॉबस्टर काही आठवडे आधीच किनाऱ्याकडे आले, आधीच कात टाकली आणि सापळ्यांमध्ये धो धो सापडायला लागले. पकड वाढली. पण प्रोसेसिंगवाले त्या वेळेला तयारच नव्हते, माल तुंबला आणि भाव कोसळला. भरपूर माल आणि रिकामा खिसा, आणि तेही हीटवेव्हमुळेच.

मग लोक विचारतात, वादळ पाणी ढवळतं, खालचं खत वर आणतं, तर मासळीला ते चांगलंच नाही का? थोडंफार खरं आहे. जुलै २००० मध्ये काय-ताक नावाचं टायफून दक्षिण चीन समुद्रात तीनेक दिवस रेंगाळलं, पृष्ठभाग नऊ अंशांपर्यंत गार झाला आणि नंतर त्या जागी क्लोरोफिल सरासरी तीसपटीने वाढलं. सॅटेलाइटच्या चित्रात तो हिरवा डाग फार देखणा दिसतो. पण हे झालं कारण तिथे वरचा गरम थर पातळ होता आणि वादळ हळू होतं. जिथे थर जाड आहे किंवा मधे बॅरियर लेयर बसलाय तिथे वादळ खतापर्यंत पोचतच नाही, म्हणजे जे पाणी वादळाला सगळ्यात जास्त फोफावू देतं तिथेच त्याच्यामागून हिरवळ सगळ्यात कमी उगवते. शिवाय अशा डागातलं काही क्लोरोफिल नवीन उगवलेलं नसतं, खोलवर आधीच असलेलं ढवळून वर आलेलं असतं, सॅटेलाइटला दोन्ही सारखंच हिरवं. आणि तो डाग एक-दोन आठवड्यांत विरतो, तेवढ्यात माशाची पिढी काही तयार होत नाही, आजूबाजूचे मासे तिथे खायला गोळा होतात इतकंच.

म्हणून वादळानंतर दोन आठवड्यांनी मासळी वाढली असं कुणी सांगितलं तर मी आधी विचारतो, कशावरून. बंदरात किती टन उतरलं यावरून असेल तर त्यात इशाऱ्यामुळे बोटी बंद राहिलेले दिवस धरलेत का, वादळात जाळी आणि बोटी गेल्या ते धरलंय का, आणि मग सगळे एकदम बाहेर पडले ते धरलंय का. टनांना जाळं पाण्यात असलेल्या तासांनी भागलं तर थोडं खरं कळतं, पण सोनार लावून झुंड शोधणाऱ्या पर्ससीन बोटींच्या बाबतीत तेही फसवं, कारण समुद्रात मासे निम्मे झाले तरी उरलेल्या झुंडी शोधून त्या तेवढंच भरून आणतात आणि तासांचा आकडा बरेच दिवस छानच दिसत राहतो. आणि तांडेलाच्या स्क्रीनवरचा तो खालचा पट्टा यातल्या कुठल्याच आकड्यात येत नाही. त्यासाठी जाळं किती मीटरवर होतं आणि त्या दिवशी तिथल्या पाण्याची रेघ कुठे वाकत होती, हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहावे लागतात. सॅटेलाइटवरून मासेमारीचे पट्टे सांगणारे सल्ले पृष्ठभागाचं तापमान आणि क्लोरोफिल बघून निघतात, तेव्हा ढगाळ दिवसांत आणि असा गरम थर बसलेला असताना त्यांचा हात आखडतो. बोटींवर स्वस्तातले तापमानाचे लॉगर जाळ्याला बांधून ही खोलीची नोंद काही देशांत सुरू झालीय. जाळं खाली जाताना आणि वर येताना रेघ आपोआप निघते, तांडेलाला पाणी कुठे गार होतंय ते तिथल्या तिथे दिसतं, आणि पुढे हाच डेटा वादळाच्या अंदाजवाल्यांनाही जातो, कारण किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आर्गो फ्लोट सहसा जात नाहीत.